शाळेचं वेळापत्रक भिंतीवरच्या तक्त्यावरून संगणकात उतरवताना

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या वाट्याला हे काम हमखास येतं. पर्यवेक्षक सर शिक्षकखोलीतल्या मोठ्या तक्त्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "एवढं टाइप करून द्या." तक्ता हाताने लिहिलेला असतो, त्यावर खोडाखोड असते, दोन-चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. टाइप करणं अवघड नसतं. अवघड असतं ते प्रत्येक विषय आणि प्रत्येक शिक्षकाची आद्याक्षरं बरोबर त्याच वाराच्या, त्याच तासाच्या चौकटीत ठेवणं. एक चौकट सरकली तर सोमवारी एका वर्गात दोन मॅडम उभ्या असतात आणि शेजारच्या वर्गात कुणीच नसतं.

मी मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं सकाळ अधिवेशनाचं वेळापत्रक मीच उतरवते. इथे एकाच वर्गाचा, नववी अ चा तक्ता उदाहरणाला घेते. तो नीट जमला की बाकीचे वर्ग त्याच रीतीने होतात.

1. बसण्याआधी हे हाताशी ठेवा

- तक्त्याचे फोटो
- तासिका वाटपाचा कागद, म्हणजे कोणत्या वर्गाला कोणता विषय आठवड्यात किती तास आणि तो कोण शिकवतं याची यादी
- शिक्षकांची पूर्ण नावं आणि आद्याक्षरं यांची यादी (मस्टरवरून करून घेता येते)
- एक लांब पट्टी आणि पेन्सिल
- एक्सेल किंवा गूगल शीट्स, आणि युनिकोड मराठी कळफलक

यातला तासिका वाटपाचा कागद बरेच जण मागतच नाहीत. तो नसेल तर कामाला हात लावू नका, कारण तक्त्यात न लागलेली अक्षरं लावायला आणि शेवटी काम तपासायला तोच एक आधार आहे. पर्यवेक्षकांकडे तो असतोच, कारण त्यावरूनच त्यांनी वेळापत्रक बसवलेलं असतं.

युनिकोडचा आग्रह का, तेही सांगते. कार्यालयातल्या जुन्या फाइली अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. त्यातून काही उचलून चिकटवलं तर पडद्यावर "गणित" दिसतं, पण संगणकाच्या लेखी तो "गणित" नसतो आणि मोजणीत तो तास गळतो.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बहुतेक ठिकाणी आधी तात्पुरतं वेळापत्रक लागतं आणि काही दिवसांनी कायमचं. दोन्ही तक्ते एकाच फलकावर एकमेकांवर टाचलेले असू शकतात. कोणता लागू आहे आणि कोणत्या तारखेपासून, ते फाइलच्या नावातच लिहा.

2. फोटो

एक फोटो पूर्ण तक्त्याचा आणि मग जवळून आडव्या पट्ट्यांचे. जवळच्या प्रत्येक फोटोत डावीकडचा वाराचा रकाना आलाच पाहिजे. तो सुटला तर तीन ओळींचा सुरेख स्पष्ट फोटो हातात असतो, पण त्या बुध-गुरु-शुक्र आहेत की मंगळ-बुध-गुरु, हे कळायला मार्ग नसतो. चिकटवलेली चिठ्ठी असेल तर तिच्यासकट एक फोटो घ्या आणि चिठ्ठी हलकेच उचलून खालच्या मजकुराचा दुसरा. लागू असते ती चिठ्ठी. पण बदल नेमका कशात झाला, विषयात की शिक्षकात, हे खालच्या मजकुरावरून कळतं.

3. आधी रिकामा सांगाडा

विषयाचं एकही अक्षर टाइप करण्याआधी पूर्ण चौकट आखून घ्या. आमच्या नववी अ च्या तक्त्यात वार उभे आणि तास आडवे आहेत. शाळा सकाळी 7.00 ला परिपाठाने सुरू होते. सोमवार ते शुक्रवार 35 मिनिटांचे आठ तास, तिसऱ्या तासानंतर 9.00 ते 9.10 छोटी सुट्टी, सहाव्या तासानंतर 10.55 ते 11.15 मधली सुट्टी, आणि 12.25 ला शाळा सुटते. त्यावरून शीटमधले रकाने असे ठरतात:

| रकाना | काय येणार |
|---|---|
| A | वार |
| B | परिपाठ |
| C, D, E | तास 1, 2, 3 |
| F | छोटी सुट्टी |
| G, H, I | तास 4, 5, 6 |
| J | मधली सुट्टी |
| K, L | तास 7, 8 |

पहिल्या ओळीत तासाचा क्रमांक, दुसऱ्या ओळीत वेळ आणि तिसरीपासून सोमवार.

सुट्टीला स्वतःचा रकाना द्यायचाच. "सुट्टी काय, सगळ्यांना माहीतच आहे" म्हणून ती वगळली की चौथा तास तिसऱ्याला चिकटतो. मग फोटोत बघून भरताना नजर सुट्टीच्या जागी पुढचा विषय टाकते आणि तिथून उजवीकडची सगळी ओळ एक घर डावीकडे सरकते. सुट्टीचे दोन्ही रकाने आधीच "सुट्टी" लिहून भरून टाका, म्हणजे त्या चौकटींत दुसरं काही पडायला जागाच उरत नाही.

इथे हाताने लिहिलेल्या तक्त्यांची एक खास लकब सांभाळायची. मधल्या सुट्टीच्या रकान्यात बहुतेक जण अक्षरं उभी लिहितात, प्रत्येक ओळीत एक: म, ध, ली, सु, ट्टी. पाच अक्षरं, सोमवार ते शुक्रवार पाच ओळी, त्यामुळे बसतंही छान. पण सोमवारच्या ओळीवर पट्टी ठेवून वाचत गेलात की सहाव्या तासानंतर एक सुटा "म" दिसतो आणि तो मराठीचा तास वाटतो. म्हणून ओळ वाचण्याआधी तो रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचून घ्या.

शनिवारची गोष्ट वेगळी. आमच्याकडे शनिवारी 30 मिनिटांचे पाचच तास असतात. तिसरा तास 8.45 ला संपतो, 8.45 ते 9.00 सुट्टी, आणि पाचवा तास 10.00 ला संपतो. या वेळा वरच्या दुसऱ्या ओळीशी जुळत नाहीत. म्हणून शुक्रवार संपल्यावर, म्हणजे आठव्या ओळीत, शनिवारच्या वेळा लिहा आणि नवव्या ओळीत शनिवार. सुट्टी F रकान्यातच राहते. सहाव्या, सातव्या, आठव्या तासाच्या आणि मधल्या सुट्टीच्या चौकटीत "×" टाका. त्या कोऱ्या सोडू नका, कारण कोऱ्या चौकटीवरून तास नाही की भरायचा राहिला, हे चार दिवसांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

शेजारच्या विभागाच्या वेळा उसन्या घ्यायच्या नाहीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा राज्य शासनाचा निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये आला. त्यामुळे एकाच इमारतीत प्राथमिकचा आणि माध्यमिकचा पहिला तास वेगवेगळ्या वेळी असू शकतो. दुपार अधिवेशनाचं तर सगळंच वेगळं असतं.

वेळा टाइप करण्याआधी A1 ते L9 एवढ्याच चौकटी निवडून त्यांचा प्रकार मजकूर करा. पूर्ण शीट मजकूर केली तर पुढची मोजणीची सूत्रं चालत नाहीत, नुसती अक्षरं म्हणून दिसतात. गूगल शीट्समध्ये Format, Number, Plain text. एक्सेलमध्ये Format Cells मधलं Text. हे आधी केलं नाही तर 7.50 चं 7.5 होतं आणि "9-10" लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतं. एकदा तारीख झाल्यावर प्रकार बदलून उपयोग नसतो. तिथे पाच आकडी संख्या उमटते आणि चौकट नव्याने टाइप करावी लागते.

4. आखूड रूपं उलगडून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. तक्त्यात जागा कमी, त्यामुळे विषय एका-दोन अक्षरांत लिहिलेले असतात, आणि मराठीत त्या अक्षरांची टक्कर होते.

"भू." म्हणजे भूगोलही आणि भूमितीही. "सं." म्हणजे संस्कृत, संगणक, संगीत किंवा संरक्षणशास्त्र, यातलं काहीही. "इं." इंग्रजी आणि "इ." इतिहास, यांत फरक फक्त अनुस्वाराचा, आणि फोटोत तो टिंब कागदाच्या डागासारखा दिसतो किंवा दिसतच नाही. घाईच्या हस्ताक्षरात "वि." आणि "चि." सुद्धा सारखेच दिसतात, म्हणजे विज्ञानाच्या जागी चित्रकला.

अशा वेळी विषयाकडे टक लावून बसू नका, खालची आद्याक्षरं बघा. तासिका वाटपात नववी अ समोर लिहिलेलं असतं की भूमिती अके शिकवतात आणि भूगोल रको शिकवतात. म्हणून "भू." खाली "अके" असेल तर भूमिती आणि "रको" असेल तर भूगोल. विषय आणि शिक्षक ही जोडी एकमेकांची साक्ष देते. दोन्ही अस्पष्ट असतील तरच खरी अडचण, आणि तेव्हा अंदाज न करता दिसलं तेवढं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, जसं "भू?/?".

आद्याक्षरं मात्र जशी आहेत तशीच ठेवा. ती उलगडून आडनावं लिहू नका. मुंबईतल्या कोणत्याही शाळेत पाटील किंवा जाधव एकापेक्षा जास्त असतात, आणि आद्याक्षरं त्यांना वेगळं ओळखण्यासाठीच ठरवलेली असतात. पूर्ण नावांची यादी तक्त्याखाली वेगळी द्या.

5. एक ओळ भरून बघू: नववी अ, मंगळवार

फोटोतली ओळ अशी आहे. पहिला तास "म." खाली "सगो". दुसरा "इं." खाली "पव". तिसरा "भू." खाली "अके". छोटी सुट्टी. चौथ्या-पाचव्या तासात मधली रेघच नाही, दोन्ही घरांच्या मधोमध "वि. प्रयोग" आणि "नभो". सहाव्यात "हिं / सं" आणि खाली "मजो / शदे". मग सुटा "ध". सातव्यात "भू." खाली "रको". आठव्यात "शा.शि." खाली "विसा".

मी विषय आणि शिक्षक एकाच चौकटीत मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिते, विषय पूर्ण आणि आद्याक्षरं मूळची. काही जण विषय वरच्या ओळीत आणि शिक्षक खालच्या ओळीत लिहितात. छापल्यावर ते बरं दिसतं, पण उतरवताना एखादी ओळ निसटली की प्रत्येक विषयाखाली भलतेच शिक्षक येतात. शीटमध्ये मंगळवार असा उतरतो:

| चौकट | मजकूर |
|---|---|
| C4 | मराठी/सगो |
| D4 | इंग्रजी/पव |
| E4 | भूमिती/अके |
| F4 | सुट्टी |
| G4 | विज्ञान प्रयोग/नभो |
| H4 | विज्ञान प्रयोग/नभो |
| I4 | हिंदी/मजो + संस्कृत/शदे |
| J4 | सुट्टी |
| K4 | भूगोल/रको |
| L4 | शारीरिक शिक्षण/विसा |

इथे तीन गोष्टी बघा. जोडतास दोन्ही चौकटींत लिहिला आहे. कागदावर तो एकदाच लिहिलेला असला तरी तास दोन आहेत. चौकटी जोडून टाकल्या तर मजकूर फक्त डावीकडच्या चौकटीत राहतो आणि विज्ञानाचा एक तास मोजणीत कमी भरतो. जोडायच्या त्या छापायच्या प्रतीत, अगदी शेवटी.

दुसरं, सहावा तास. हा हिंदी किंवा संस्कृत असा पर्याय नाही. वर्गातली काही मुलं त्या तासाला हिंदीला बसतात आणि काही संस्कृतला, दोन वेगळ्या खोल्यांत. म्हणून दोन्ही विषय आणि दोन्ही शिक्षक एकाच चौकटीत राहिले पाहिजेत. त्यातला एक पुढच्या चौकटीत ढकलला की आठ तासांचे नऊ होतात आणि ओळ शेवटी बाहेर सांडते. "हिंदी-संस्कृत/मजो-शदे" असंही लिहू नका, त्यात कोणाचा विषय कोणता हे हरवतं.

तिसरं, "ध" कुठेच आलेला नाही.

भरताना जोडीला कुणीतरी घ्या. मोकळा तास असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फोटो द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा: "मंगळवार, तिसरा, भू, अके. सुट्टी. चौथा-पाचवा जोडतास." सुट्टी आणि जोडतास बोलून दाखवायचेच. ऐकणाऱ्याच्या हाताला तेवढ्याने कळतं की तो कोणत्या घरात आहे.

6. मोजणी

सगळ्या ओळी झाल्या की आधी एकूण तास. आमच्याकडे पाच दिवस आठ आणि शनिवारी पाच, म्हणजे 45. प्रत्येक तासाच्या चौकटीत तिरकी रेघ आहे आणि सुट्टीत नाही, म्हणून तक्त्याबाहेरच्या एखाद्या चौकटीत हे सूत्र पुरतं:

```
=COUNTIF($C$3:$L$9,"*/*")
```

वाचनालयासारख्या एखाद्या तासाला शिक्षक लिहिलेलेच नसतील तर "वाचनालय/-" लिहा, म्हणजे तो तासही धरला जातो. उत्तर 44 आलं तर कुठेतरी चौकट कोरी आहे. मग विषयवार:

```
=COUNTIF($C$3:$L$9,"भूमिती/*")
```

हे आकडे तासिका वाटपाशी ताडून बघा. नववी अ ला भूमिती 4 आणि भूगोल 2 आहे. तुमच्याकडे भूगोल 6 आणि भूमिती शून्य आलं तर प्रत्येक "भू." भूगोल म्हणून वाचला गेलाय, हे लगेच उघड होतं. भूमिती 3 आणि भूगोल 3 आलं तर एकच चौकट चुकली आहे. तिच्या आद्याक्षरांवर जा. विज्ञानासाठी सूत्रात "विज्ञान*" लिहा, म्हणजे प्रयोगाचे तासही धरले जातील. संस्कृतसाठी "*संस्कृत/*" लिहा, कारण तो चौकटीत हिंदीच्या मागे येतो. एखादा तास कमी भरतोय पण डोळ्यांना सगळं ठीक दिसतंय, अशा वेळी "हिंदी" आणि "हिन्दी" दोन्ही आलेत का, किंवा विषयाच्या शेवटी जादा मोकळी जागा पडली आहे का, ते बघा.

प्रश्नचिन्ह टाकलेल्या चौकटी अशा सापडतात. चिन्हाआधी ती नागमोडी खूण लागतेच, कारण या सूत्रात नुसत्या प्रश्नचिन्हाचा अर्थ "कोणतंही एक अक्षर" असा होतो:

```
=COUNTIF($C$3:$L$9,"*~?*")
```

7. जागा बरोबर आहे का

मोजणीला जागा कळत नाही. मंगळवारची भूमिती आणि भूगोल यांची अदलाबदल झाली तरी भूमिती 4 च येणार आणि भूगोल 2 च. म्हणून वेगळी तपासणी लागते, आणि ती सगळे वर्ग एकत्र ठेवूनच होते.

"मंगळवार" नावाची नवी शीट घ्या. तिच्यात वरच्या दोन ओळी त्याच ठेवा आणि तिसऱ्या ओळीपासून प्रत्येक वर्गाची मंगळवारची ओळ एकाखाली एक चिकटवा. चिकटवल्यावर A रकान्यात वाराऐवजी वर्गाचं नाव लिहा. आमच्या सकाळ अधिवेशनात आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे सहा ओळी, 3 ते 8. दुपार अधिवेशनाचे वर्ग यात मिसळू नका, त्यांचा पहिला तास ही वेगळीच वेळ आहे.

आता आधी फक्त F आणि J रकाने वरून खाली बघा. सगळीकडे "सुट्टी" एका रेषेत असली पाहिजे. जिथे ती मोडली ती ओळ सरकलेली आहे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी ओळंबा सोडतो, तसे हे दोन रकाने वापरा.

मग शिक्षकांची टक्कर. N1 मध्ये एका शिक्षकाची आद्याक्षरं लिहा, C10 मध्ये हे सूत्र टाका आणि L पर्यंत ओढा:

```
=COUNTIF(C$3:C$8,"*/"&$N$1)+COUNTIF(C$3:C$8,"*/"&$N$1&" +*")
```

पहिला भाग साध्या चौकटीतले शिक्षक मोजतो. दुसरा भाग हिंदी-संस्कृतसारख्या चौकटीत आधी लिहिलेले शिक्षक मोजतो. अधिकच्या चिन्हाआधी एक मोकळी जागा ठेवायची सवय यासाठीच. प्रत्येक रकान्यात 0 किंवा 1 यायला हवं. 2 आलं तर ते शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत दिसत आहेत. दोन्ही वर्गांच्या मूळ फोटोंवर जा, त्या चौकटी पुन्हा वाचा. बहुतेक वेळा एका वर्गाचे दोन तास आपसात बदललेले निघतात. आद्याक्षरं बदलत जा आणि सगळे शिक्षक एकदा फिरवा. मग बाकीच्या वारांच्या शीट्स करा. शनिवारच्या शीटमध्ये वेळांची ओळ शनिवारची घ्या.

एका ठिकाणी मात्र 2 हेच बरोबर उत्तर असतं, आणि नवीन माणूस तिथे हमखास "दुरुस्ती" करून बसतो. नववी अ आणि नववी ब या दोन्ही तुकड्यांना मंगळवारी सहाव्या तासाला हिंदी-संस्कृत एकाच वेळी लावलेलं आहे. दोन्ही तुकड्यांतली हिंदीची मुलं मजो मॅडमकडे एका खोलीत आणि संस्कृतची शदे मॅडमकडे दुसऱ्या खोलीत जातात. म्हणून दोघींचा आकडा दोन येतो. तो तसाच ठेवा. अशा एकत्र तासांची यादी पर्यवेक्षकांकडून आधीच लिहून घेतलीत तर इथे अडायला होत नाही.

टक्कर न होता झालेली अदलाबदल सूत्रांनाही सापडत नाही. तिच्यासाठी शेवटी एकदा उलट्या दिशेने वाचायचं. भरताना वाराप्रमाणे आडवं गेला होतात, आता तासाप्रमाणे उभं जा: आठवा तास सोमवार ते शुक्रवार, मग सातवा, असं मागे पहिल्या तासापर्यंत. शनिवारची ओळ त्याच्या वेळांसकट वेगळी वाचा. फोटोवर त्या रकान्यालगत पट्टी उभी ठेवा. पहिल्या तासाला आल्यावर आणखी एक खूण हाताशी असते. हजेरीसाठी तो तास बहुतेक दिवशी वर्गशिक्षकांचाच असतो, त्यामुळे तिथे परकी आद्याक्षरं दिसली तर ती चौकट पुन्हा बघा.

8. छापायची प्रत

आता कुठे सजावट. वर्गाच्या शीटची एक नक्कल करा आणि जे काही करायचं ते नकलेतच करा: जोडतासाच्या चौकटी जोडा, सुट्टीचे रकाने उभे जोडून त्यात "छोटी सुट्टी" आणि "मधली सुट्टी" लिहा, हलका रंग भरा. उभं जोडताना शुक्रवारपर्यंतच थांबा. शनिवारपर्यंत ओढलंत तर शनिवारी 10.55 ला सुट्टी आहे असं छापून जाईल. पान आडवं, ए-फोर, आणि वर इयत्ता, तुकडी, अधिवेशन, वर्गशिक्षक, लागू दिनांक.

प्रश्नचिन्हाच्या चौकटी उरल्या असतील तर छापण्याआधी त्यांची यादी घेऊन पर्यवेक्षकांना भेटा. "नववी अ, गुरुवार, पाचवा तास, विषय लागत नाही" असं वार-तासासकट विचारलं की उभ्या-उभ्या उत्तर मिळतं. छापील प्रतीवर त्यांची सही घ्या आणि मग ती वर्गावर लावा.

वर्षाच्या मध्ये एखाद्या मॅडम रजेवर जातात, तास दुसऱ्यांकडे जातात, चिठ्ठ्या पुन्हा चिकटायला लागतात. बदल आधी तिरक्या रेघेच्या मूळ शीटमध्ये करा, सहावी आणि सातवी पायरी पुन्हा चालवा, आणि नवी प्रत नव्या तारखेने काढा. जुनी फाइल पुसू नका. तपासणीला आलेले अधिकारी ऑगस्टचं वेळापत्रक डिसेंबरमध्ये मागू शकतात.